बीम चढल्यावरचे बदल

अण्णा ज्या कारखान्यात कारकून आहेत, त्याच कारखान्याची अॅनिमेशन फिल्म करायचं काम मी घेतलं, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण शेठनी अण्णांना सांगितलं, "पोरगी घरात बसून कार्टून करती म्हणं, आपलंबी करू दे की," आणि अण्णा संध्याकाळी पेढे घेऊनच घरी आले. पेढे खाल्ल्यावर नाही म्हणायची सोय राहत नाही.

फिल्म छोटीच होती. प्रदर्शनातल्या स्टॉलवर दाखवायची. सूत येतं, बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा मोठा रूळ भरला जातो, माग चालतो आणि शेवटी हातपाय फुटलेला, डोळे मिचकावणारा टॉवेल सगळ्यांना नमस्कार करतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाऊन मी फोटो काढून आणले, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून स्टोरीबोर्ड काढला, म्हणजे प्रत्येक दृश्याचं चित्र. शेठनी तो पाहिला, दोनदा बदलून घेतला, मग "झकास," म्हणाले आणि सही केली. मी अॅनिमेशनला लागले.

आणि मग त्यांना सुचायला लागलं. टॉवेलला मिशा हव्यात. मिशा लावल्या, तर त्यांचा नातू म्हणाला, टॉवेल म्हातारा दिसतो. मग मिशा काढून डोक्याला फेटा. फेटा बांधला, की मागच्या दृश्यांतही तो बांधावा लागतो, टॉवेल वाकला की तोही वाकवावा लागतो. त्यात निवेदनातलं एक वाक्य बदललं. वाक्य बदललं की टॉवेलचे ओठ पुन्हा पहिल्यापासून हलवायचे. हे सगळं यायचं व्हॉट्सअॅपवरच्या आवाजी निरोपांतून, मागे मागांचा खडखडाट, आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य, "घरचंच काम हाय की, बघ तूच."

घरचंच काम. या दोन शब्दांनी माझं नरडं धरलं होतं. दुसरा कुणी असता तर मी केव्हाच सरळ केला असता, माझ्या जिभेला तेवढी धार आहे. इथे मात्र प्रत्येक 'नाही' आधी अण्णांच्या टेबलावरून जाणार होतं. माझ्या जन्माआधीपासून ते त्या टेबलाशी बसतात. शेठना त्यांनी कधी उलट उत्तर दिल्याचं मी ऐकलेलं नाही. आई म्हणायची, "कर बाई, त्यांची मान खाली नको जायला." मी करत होते, आणि हाती आलेली दुसरी कामं परत पाठवत होते.

शेवटी शेठचा निरोप आला, की फिल्मच्या सुरुवातीला त्यांचे वडील हातमागावर बसलेले दाखव. नवं माणूस, नवा माग, नवं दृश्य. त्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर मी ईमेल लिहायला बसले. नमस्कार घातला, आभार मानले. मग लिहिलं, की स्टोरीबोर्डवर दोन वेळा बदल करून देणं ठरलेल्या रकमेत होतं आणि ते झाले आहेत. आता अॅनिमेशन सुरू झालं आहे. यापुढे रंग, अक्षरं असे किरकोळ बदल आणखी एकदा विनाशुल्क करू. पात्र, दृश्य किंवा आवाज बदलायचा असेल तर काम मागे न्यावं लागतं, त्याचं शुल्क आणि वाढणारे दिवस आधी कळवू, आणि लेखी मंजुरी आली की मगच हात लावू. आमच्याकडून काही राहून गेलं असेल तर ते अर्थातच विनाशुल्क दुरुस्त करू. सगळे बदल एकत्र, एकाच व्यक्तीमार्फत, लेखी कळवावेत ही विनंती.

इतकी गोड ईमेल मी आयुष्यात लिहिली नव्हती. तरी पाठवायला हात धजेना. कारण कारखान्याची ईमेल शेठ उघडत नाहीत. अण्णा उघडतात. शेठचे डोळे म्हणजे अण्णाच. म्हणजे मी माझ्या बापालाच आदरपूर्वक बजावत होते, आणि ते त्यांनी आपल्या मालकाला वाचून दाखवायचं होतं. दुसरी वाटच नव्हती. पाठवली, आणि दिवसभर फोन पालथा घालून ठेवला.

अण्णा संध्याकाळी नेहमीच्या वेळी आले. हातपाय धुतले, चहा घेतला. मी विचारलं, "वाचली?"

"व्हय. शेठपुढं बसूनच वाचली. मास्तरबी हुते तितं." मास्तर म्हणजे मागांकडे बघणारे.

"मग?"

"शेठ म्हनले, शुल्क कसलं? मी म्हनलं, शेठ, बीम चढलाय."

एवढंच. बीम मागावर चढला की ताण्याचा रंग बदलता येत नाही, बदलायचा तर अख्खा बीम उतरवावा लागतो, हे त्या कारखान्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी पानभर साखर पेरली होती आणि अण्णांनी दोन शब्दांत काम केलं. मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"मग शेठ म्हनले, एकाच मानसानं लिहून कळवायचं ना, मग तूच कळीव."

माझ्याच अटीने मला घरात कोंडलं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या पत्त्यावरून मला अण्णांच्या ईमेल यायला लागल्या. "मा. महोदया, आपल्या ईमेलनुसार कळविण्यात येते की..." मी उत्तर द्यायचे, "मा. महोदय." शेठच्या वडिलांच्या दृश्याचं शुल्क मी कळवलं, मंजुरी आली. विनाशुल्क फेरी अक्षरांच्या रंगात संपली. घरी मात्र आम्ही दोघं त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. जेवताना ताटाला ताट लागायचं आणि आमच्यात एक ऑफिस उभं असायचं. अण्णा कारखान्याचे होते, मी माझी होते, आणि भाजी वाढणाऱ्या आईला कुणाची बाजू घ्यावी कळत नव्हतं. मला ते नको नको झालं होतं. याआधी निदान आम्ही भांडायचो.

फिल्म पुरी झाली. शेठनी पाहिली, मंजुरी आली. त्या संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "एक बारका बदल राहिलाय."

माझा पारा चढला. "अण्णा, घरात तोंडी नको. ईमेल करा."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, हात पुसून खिशातला मोबाइल काढला आणि चष्मा कपाळावरून खाली घेऊन एका बोटाने लिहू लागले. आई माझ्याकडे बघत राहिली. मग माझा फोन वाजला. पत्ता कारखान्याचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता.

"मा. महोदया, हा बदल शेठचा नाही. कारखान्याच्या दृश्यात दाराजवळचे टेबल आले आहे. खुर्ची रिकामी आहे. तिथे एक माणूस बसवता येईल का? मंजुरी झाली आहे याची कल्पना आहे. शुल्क कळवावे, माझ्याकडून देईन."

फोटो काढायला गेले तेव्हा अण्णा माझ्यासाठी चहा सांगायला त्याच खुर्चीवरून उठले होते. मी खुर्ची जशी दिसली तशी काढली होती, रिकामी. मग तेच दृश्य मी किती वेळा उघडलं, मिटलं, मिशा लावल्या, फेटा बांधला. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "शुल्क लिही."

मी तिथेच बसून उत्तर लिहिलं. मा. महोदय, आमच्याकडून राहून गेलेल्या गोष्टीचं शुल्क लागत नाही. चष्मा डोळ्यांवर हवा की कपाळावर, तेवढं कळवावं.