आठव्या आठवड्याची तपासणी

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, स्वतःची कधीच नाही. व्यायामशाळेतल्या ताईने त्यांना चरबी उतरवायचा बारा आठवड्यांचा आराखडा आखून दिला. दर चार आठवड्यांनी वजनाची सरासरी, कंबर आणि व्यायामाचे आकडे तपासायचे ठरले.

आठव्या आठवड्यात मावशी हिरमुसल्या. "पंधरा दिवस काटा ढिम्म हलला नाही गं. जेवण अजून कमी करू?"

"अजिबात नको," ताई वहीत बघत म्हणाली. "कंबर तीन सेंटिमीटर उतरलीय, बैठका तिसाऐवजी चाळीस किलो घेऊन मारताय. म्हणजे चरबी उतरतेय नि ताकद वाढतेय. आहे तेच चालू ठेवा."

मावशी बाहेर पडल्या. कोवळ्या उन्हात पावलं जणू जमिनीला टेकतच नव्हती. बाराव्या आठवड्यात काटाही उतरला, पण त्यांच्या मनात ती तरंगती सकाळच रेंगाळत राहिली.