शनिवारी द्यायची चिठ्ठी

मेथी निवडली, ते आमचं दोघांचं शेवटचं काम. पुंडलिकनगरातल्या घराच्या ओट्यावर, शुक्रवारी संध्याकाळी. माझी बायको गयाबाई पानं खुडत होती, मी काड्या बाजूला टाकत होतो. मधीच म्हणली, "अवं, सरांचं काय आलं का पोरीला?" मी म्हणलो, "नाय." चिठ्ठी माझ्या बंडीच्या खिशात होती.

हे मी कुणालाच सांगितलं नाय. लेकाला नाय, सुनेला नाय. आन ज्या पोरीची चिठ्ठी होती, तिला तर कधीच नाय. तुम्हाला का सांगतो? ठाऊक नाय. सांगतो.

पोरगी म्हणजे नात, पल्लवी. नववीत होती. शाळेच्या खो-खोच्या संघात होती, आन त्या आठवड्यात फळ्यावर यादी लागली तर तिचं नाव नव्हतं. लेक-सून दोघं चिकलठाण्याला कंपनीत, पहिल्या पाळीला. गयाबाईची कंबर गेलेली, चालणं भिंतीला धरून. सकाळी तिला उठवणं, धुणं-पुसणं, अंघोळ — सगळं पल्लवी करायची. म्हणून तिचा सराव बुडायचा.

गुरुवारी पल्लवी आजीला घेऊन दवाखान्यात गेली होती, तवा खो-खोचे सर गाडीवर आले. पाकीट दिलं. म्हणले, "बाबा, पल्लवीच्याच हातात द्या. तोंडी सांगितलं तर रडंल, म्हणून लिहिलंय." मी तिसरी शिकलेलो. पण बोट ठेवून ठेवून वाचलं.

सरांनी आडपडदा ठेवला नव्हता. तुला काढलं, ते मी काढलं, असं लिहिलं होतं. कारणं दोन. एक, सराव बुडला. दुसरं, खो मिळायच्या आधीच तू पाटीवरून उठतेस. निवडीच्या दिवशी तीनदा उठलीस, तिन्ही वेळा फाऊल, आन तेवढ्यात पळणारी सुटली. खांबावरची तुझी उडी शाळेत कुणाला जमत नाय, पण उडीवर संघ चालत नाय. मग लिहिलं होतं — आजीचं तू करतेस हे मला उशिरा कळलं. विचारायला पाहिजे होतं, चूक माझी. रोज नको येऊ. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा ते सात ये. नुसतं बसायचं, पाठीवर हात पडून "खो" ऐकू आला की उठायचं, एवढंच शिकवीन. तीन आठवड्यांनी परत चाचणी. दोन डाव फाऊल न करता खेळलीस तर राखीवमधली एक जागा तुझी. नावं पाठवायची तोवर ती रिकामी ठेवतो. दया म्हणून देणार नाय. खाली घरच्यांची सही पाहिजे. शनिवारपर्यंत आण.

सहीची जागा आखून ठेवली होती. मला सही येते.

मग का नाय केली? पोरीची जात, अंधारात कुठं पाठवायची — असं मी मनाला सांगितलं. खोटं. मैदान घराच्या मागच्या गल्लीत होतं. अभ्यास बुडंल म्हणलं. तेबी खोटं. तीन दिवस, एक तास — त्या तासात गयाबाईचं कोण करणार होतं? मीच. तिचं लुगडं बदलायचं, अंग पुसायचं, ओलं अंथरूण काढायचं. मला किळस यायची. बायकोची. जिनं माझ्या आईचं अंथरुणातलं सगळं दोन वर्सं काढलं, तिची. आन किळसंपेक्षा भ्या जास्त. तिचं उघडं, वाळलेलं अंग बघायची हिंमत नव्हती.

तिनं त्या संध्याकाळी मेथी खुडता खुडता म्हणलंबी, "मी घंटाभर पडून राहीन की. तेवढ्यात काय मरत नाय. पोरीला खेळू द्या." मी काड्या गोळा केल्या.

त्यानंतर ती ओट्यावर आली नाय. थंडी सरायच्या आत गेली. पल्लवी आता औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात उभी असते. सर रस्त्यात दिसले की मान फिरवते. "एका शब्दानं विचारलं नाय त्यांनी," अजून म्हणते. मी चहा पीत ऐकतो.

मेथी निवडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी लवकर उठलो होतो. मागच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवली. काटक्या ओल्या होत्या, धरंनात. खिशातली चिठ्ठी काढली, पाकिटासकट खाली सारली. लगेच धरलं. पाणी तापलं तशी पल्लवी बादली घेऊन आली. म्हणली, "आज तुम्ही पेटवली व्हय, आबा? बरं झालं."

त्याच पाण्यानं तिनं आजीला अंघोळ घातली. मी बाहेर ओट्यावर बसलो.