मागचा दोर आधी

पौषात म्हसा गावची गुरांची जत्रा भरली की मुरबाडच्या आमच्या छोट्या रुग्णालयात कुणाचं बोट चिरडलेलं, कुणाचं मनगट मोडलेलं असं काही ना काही येत राहतं. मी हाडांची डॉक्टर. राहते शहापूरला, आणि आठवड्यातले काही दिवस मुरबाडला जाते. त्या दुपारी टोकावड्याकडचा एक शेतकरी जीपमधून आला. चाळिशीचा, धिप्पाड, चेहरा शांत. बैलबाजारात एक जोडी बुजली आणि त्यातला एक बैल त्याच्या उजव्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने आदळला होता.

त्याची बायको सोबत होती. तिने जे पाहिलं ते सरळ सांगितलं. पाय गुडघ्यात वाकडा होऊन बाजूला गेला, मग चुलत भावाने टाच धरून ओढला आणि तो जाग्यावर आला. नवऱ्याला मात्र हे सगळं फार मोठं वाटत नव्हतं. पट्टी बांधा, गोळ्या द्या, बाजारात बैल बांधलेत, असं त्याचं चाललं होतं. गावाकडे हाड बसवणारा एक जण आहे, त्याच्याकडून तेल लावून चोळून घेऊ, हेही ठरलेलं होतं.

पाहिलं तर गुडघा फारसा सुजलेला नव्हता. नवख्याला यानेच हायसं वाटेल. पण सांध्याची पिशवी फाटली की आतलं रक्त पोटरीत उतरतं, गुडघा फुगत नाही. मी दोन्ही टाचा धरून हळूच उचलल्या. डावा पाय सरळ राहिला, उजवा गुडघा मागे झुकला. बाहेरून आत दाबला तर आतली बाजू उघडत होती. एक्स-रेमध्ये सगळी हाडं जागेवर. बायकोने पाहिलं होतं ते खरं होतं. गुडघा पूर्ण निखळून परत बसला होता, आणि हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे आतले किमान तीन दोर, म्हणजे अस्थिबंध, तुटले होते.

तुटलेल्या दोरांची घाई नसते. घाई असते ती गुडघ्यामागच्या धमनीची. ती वर आणि खाली बांधल्यासारखी असते; गुडघा निखळला की मध्ये ताणली जाते. पाऊल गरम होतं, बोटं हलत होती, वरच्या बाजूला स्पर्श कळत होता, आणि नाडीही हाताला लागत होती. डाव्यापेक्षा किंचित मंद. की मलाच तसं वाटत होतं?

अशा वेळी बोटांवर विसंबायचं नसतं. मी कपाटातून डॉपलर काढला, रक्ताचा आवाज ऐकवणारं हातात मावणारं यंत्र. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, मग घोट्याच्या वर. दंडात एकशे तीस, उजव्या घोट्यात नव्वद. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं तर शून्य पूर्णांक नऊच्या वर यायला हवं. इथे शून्य पूर्णांक सातच्याही किंचित खाली येत होतं. पुन्हा मोजलं, तेवढंच आलं.

मी त्याला कल्याणला जावं लागेल म्हणून सांगितलं, तर तो हसला.

"ताई, पाय गरम हाय ना? मग रगत चाललंय."

"आत्ता चाललंय," मी म्हटलं. "शेतातल्या पाइपाचं आतलं अस्तर सुटलं की पाणी येतं, पण कमी. मग त्या सुटलेल्या तुकड्यावर गाळ बसतो आणि पाइप तुंबतो. तुमच्या नसेचं तसं झालं असणार. पूर्ण तुंबली तर पाच-सहा तासांत पोटरी मरायला लागते. मग पाय कापावा लागतो."

त्याने बायकोकडे पाहिलं. पुढचं तिनेच विचारलं.

"चोळायचं नाय ना?"

"अजिबात नाही."

"मंग चला. बैलांचं भाऊ बघंल."

गुडघा किंचित वाकलेला ठेवून आम्ही सैल फळी बांधली. कल्याणला माझा वर्गमित्र रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. त्याला फोन केला, आकडे सांगितले. त्याने एवढंच विचारलं, कधी निखळला. आम्हाला घेऊन रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत त्याने सीटी अँजिओची, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र काढायची, खोली मोकळी करून ठेवली होती.

चित्रात धमनीचा आतला थर सुटून त्यावर गुठळी धरलेली स्पष्ट दिसत होती. संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया सुरू झाली. आधी गुडघ्याच्या बाहेरून दांड्यांची चौकट लावली, म्हणजे सांधा हलून नवा जोड ताणला जाऊ नये. मग मित्राने खराब तुकडा कापला, डाव्या पायातली वरवरची शीर काढली, आतल्या झडपा आड येऊ नयेत म्हणून उलटी केली आणि जोडली. पोटरी आत सुजून आवळली जाऊ नये म्हणून तिच्यावरची आवरणं उघडून ठेवली; ती काही दिवसांनी, सूज उतरल्यावर बंद करायची होती. पाऊल गुलाबी झालेलं पाहून मी शहापूरला परतले आणि पोटभर जेवले.

पुढचे काही आठवडे तो कंटाळला, पण बरा होत गेला. चौकट निघाली, गुडघ्याला आधाराचा पट्टा आला. आता दोरांची पाळी होती. गुडघ्याच्या मध्यात फुलीसारखे दोन दोर असतात, एक पुढचा, एक मागचा. तिसरा आतल्या कडेचा. तिन्ही गेले होते. नवे दोर डाव्या पायातल्या स्नायूंच्या कंडरांपासून करायचे ठरले, कारण उजव्या पायाच्या आतल्या बाजूचा उरलासुरला आधार काढून घ्यायचा नव्हता.

"त्या बिचाऱ्या पायानं काय केलंय?" बायकोने विचारलं. शीरही त्याचीच गेली होती. मी हसून म्हटलं, भावाभावांत असं चालतं.

तिला क्रमही जाणून घ्यायचा होता. मी मांडवाचं उदाहरण दिलं. मधला खांब आधी सरळ करतात, कनाती मागाहून ताणतात. मागचा दोर गेला की नडगी मागे घसरते. तशीच ठेवून पुढचा दोर आवळला तर गुडघा चुकीच्या जागी बांधला जातो. म्हणून मागचा आधी.

शस्त्रक्रियेत दोन गोष्टींची मला धास्ती होती. मांडीला रक्त रोखणारा पट्टा आवळायचा नाही, कारण आत जोडलेली शीर होती. म्हणजे दुर्बिणीतून लाल धुक्यात काम. आणि मागच्या दोरासाठीचं भोक नडगीच्या पाठीवर उघडतं, नेमकं त्या शिरेच्या पुढ्यात. मित्र हात धुऊन माझ्या शेजारी उभा राहिला. हाडामागे ढालीसारखं अवजार धरून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत मी भोकाचा शेवटचा भाग यंत्राऐवजी हाताने गिरमिट फिरवून पाडला. टोक आरपार आलं, रक्ताचा लोंढा आला नाही.

मग सगळे दोर आत घेतले. गुडघा काटकोनात वाकवून नडगी पुढे ओढली, मूळच्या जागी आली तशी मागचा दोर पक्का केला. पाय सरळ करून पुढचा. शेवटी थोडा वाकवून आतल्या कडेचा. डॉपलर पावलाला लावला तर भरघोस आवाज आला. परिचारिकेने न सांगता तो मोठा केला, आणि आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो.

व्यायाम बायकोनेच करून घेतला. नडगी मागे घसरू नये म्हणून त्याला पालथं झोपवून पाय वाकवायचा असे. तो कुरकुरायचा, "पुरे गो आता," आणि ती आणखी थोडा वाकवायची.

गुडघा पूर्ण वाकत नाही. उकिडवं बसणं गेलं. लावणीला ती उतरते, तो बांधावरून रोपांच्या जुड्या पुरवतो. गेल्या भाद्रपदात त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांचं घर टेकाडावर आहे, वाट दगडांची. तो पुढे चालत होता, मी मागे. मध्यावर मला धाप लागली तेव्हा तो थांबला.

"बसा ताई जरा," तो म्हणाला. "आमाला काय घाई नाय."

आम्ही दगडावर बसलो. खाली भाताच्या लोंब्या भरत आल्या होत्या, आणि वरून त्याची बायको तांदळाच्या भाकऱ्या निवतात म्हणून हाका मारत होती.