दोन ते पाच, घरच्या केंद्रावर

रविवार, २० एप्रिल २०२५. दुपारी बरोबर दोन वाजता माझ्या नातीची वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आमच्या बोरीच्या घरातल्या मधल्या खोलीत सुरू झाली. खरी परीक्षा दोन आठवड्यांवर होती. ही तिची नक्कल. परीक्षार्थी एक, पर्यवेक्षक एक आणि परीक्षेला विरोध करणारे घरातले बाकी सगळे.

नक्कल करण्याची पाळी का आली, ते सांगतो. नात गेल्या वर्षी याच परीक्षेला बसली होती. तिथे तिचे तीसएक प्रश्न वाचायचेच राहिले. यंदाचा प्रयत्न दुसरा, आणि माझ्या मुलाने शेवटचा म्हणून जाहीर केलेला. शिकवणीचे वर्ग संपवून ती मार्चअखेर घरी आली आणि रोज एक सराव पेपर सोडवू लागली. रोज सहाशेच्या वर गुण. सुनेने एकदा गल्लीत पेढेही वाटले. सराव परीक्षेचे पेढे खाल्लेला मनुष्य मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या दिवशी आरशात पाहिला.

एके दिवशी मी तो सराव जवळ बसून पाहिला. जीवशास्त्र सकाळी, रसायन जेवणानंतर, भौतिक दिवेलागणीला. वेळ लावायला आईचा मोबाइल. पाणी प्यायचे झाले की मोबाइलमधले घड्याळ थांबे. दारात भाजीवाली आली की थांबे. मैत्रिणीचा निरोप वाचायचा तर थांबलेच पाहिजे, कारण निरोप त्याच मोबाइलवर येई. अशा रीतीने तीन तासांचा पेपर दिवसभर पुरवून मुलगी सहाशेच्या वर गुण मिळवत होती. मी म्हणालो, आणखी दोन दिवस घेतलेस तर सातशे वीसपैकी सातशे वीसही पडतील. ती हसली नाही. हसण्यासारखे नव्हतेच.

मी चाळीस वर्षे शाळेत काढली. त्यांतली शेवटची बारा मुख्याध्यापक म्हणून. दहावीच्या केंद्रावर मी असलो की खिडकीखाली उभे राहणारे नातलग घरी झोप काढत, एवढी माझी ख्याती होती. तेव्हा केंद्र कसे चालवायचे, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नियम मी सकाळीच सांगितले. दीड वाजता दार बंद. त्यानंतर परीक्षार्थी आली तर पुढच्या वर्षी. अर्ध्या बाह्यांचे कपडे, पायात चप्पल, अंगावर दागिना नाही, मनगटाला घड्याळ नाही. काळे बॉलपेन केंद्र देईल. पाण्याची बाटली पारदर्शक, तिच्यावरचा कागद काढलेला. कच्चे काम प्रश्नपत्रिकेतच. पाच वाजेपर्यंत जागेवरून उठायचे नाही.

शेवटचा नियम घरासाठी होता. सगळ्यांचे फोन बंद करून माझ्या स्वाधीन.

"परीक्षा तिची अन् फोन आमचे?" सून म्हणाली. "मामंजी, हे कुठल्या नियमात हाय?"

"बाजूच्या खोलीत तुझा फोन वाजला की तिचे कान तिकडे जातात. हा माझा नियम."

मुलगा बाजारभाव पाहत होता. तो म्हणाला, "दादा, सोयाबीनचा भाव बघायलोय. लय नाही, पाचच मिनिटं."

"तीन तासांत सोयाबीन वर जाणार नाही. आजवर कधी गेले आहे का?"

तिन्ही फोन ज्वारीच्या कोठीत गेले. वरून झाकण. झडती सुनेने घेतली आणि स्वतःच्याच मुलीच्या कानातले काढताना असे तोंड केले, की जणू मुलीला माहेरून कायमचे पाठवत आहे. मी हजेरी घेतली, ओळखपत्र पाहिले. "मी तुमची नात हाय, आजोबा," ती म्हणाली. ते त्या कार्डावर लिहिलेले नव्हते. मी तसे सांगितले.

पाऊण तास बरा गेला. जीवशास्त्रापासून सुरुवात, हा तिचा क्रम होता आणि तो योग्य होता. प्रत्येक विषय संपला की त्याची उत्तरे उत्तरपत्रिकेवर गोल काळे करून नोंदवायची, हाही तिचाच क्रम. तो कितपत योग्य, हे मी त्या वेळी बोललो नाही. पर्यवेक्षकाने बोलायचे नसते. मग वीज गेली. पंखा थांबला. तिने वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. एप्रिलमधली आमच्याकडची दुपार, पत्र्याखालची खोली. घाम तिच्या कोपरावरून कागदावर येऊ नये म्हणून तिने ओढणी हाताखाली घेतली आणि लिहू लागली. हे पहिले शहाणपण.

पावणेचारच्या सुमारास बाहेर मोटारसायकल थांबली. सुनेचा भाऊ, म्हणजे नातीचा मामा, देवगाव फाट्याहून भर उन्हात आला होता. डोक्याला उपरणे गुंडाळलेले, चेहरा सुकलेला. ओट्यावर पाऊल ठेवताच त्याने बहिणीला विचारले, "सगळं ठीक हाय ना? कोण गेलं?"

"कोण जाईल? काय बोलायलास?"

"तुझा फोन बंद, दाजींचा बंद, गुरुजींचा बंद. तिघांचे एकदम बंद म्हटल्यावर माणूस काय समजंल? तसाच गाडीला किक मारली."

मी दारात येऊन दबक्या आवाजात सांगितले, "पाव्हणे, सगळे जिवंत आहेत. परीक्षा चालू आहे. आवाज कमी."

सून तांब्याभर पाणी घेऊन आली. त्याने तांब्याकडे पाहिलेही नाही. आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायचे असते. हा मनुष्य त्यात भलताच काटेकोर. भाचीच्या पायाला हात लावल्याशिवाय या घरात पाणी घेत नाही. ती पाळण्यात होती तेव्हापासून हे चालले आहे. तो सरळ मधल्या खोलीकडे निघाला. मी दारात हात आडवा केला.

"गुरुजी, एका मिनिटाचं काम हाय. वाकलो अन् निघालो."

"पाचपर्यंत आत कोणाला जाता येणार नाही."

"मी काय चिठ्ठी देणार हाय का तिला? मी नववी नापास हाय!"

"तुम्हांला काय येते, हा प्रश्न नाही."

तो माझ्या मुलाकडे वळला. "दाजी, सांगा की तुमच्या वडलांना." मुलगा म्हणाला, "मी काय सांगू? माझा फोनबी कोठीत हाय."

हे सर्व दाराच्या या बाजूला. त्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळलो. नात अर्धी उठली होती. एक हात टेबलावर, पेन तसेच बोटांत.

"आजोबा, मामा उन्हात आलेत. पाणी घेतलं नाही त्यांनी. जरा घड्याळ थांबवा, मी लगेच येते."

त्या एका वाक्यात तिचे सहाशेच्या वरचे सगळे सराव पेपर होते. मी विचारले, "चार मेला केंद्रावर हे कोणाला सांगशील?"

ती उभीच राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्या अवधीत कोणासाठी थांबला नाही. बाहेरून मामाचा आवाज आला, "राहू दे, माय. तू लिही. मी बसतो." मग ती बसली. मला न विचारता, माझ्याकडे न बघता. त्या दिवशीची खरी परीक्षा तिथे झाली, असे माझे मत आहे. पण माझ्या मताला गुण नसतात.

मामा ओट्यावर बसला. पाणी त्याने घेतले नाहीच. सुनेने तांब्या त्याच्या शेजारी ठेवला, आणि तो तांब्याकडे पाठ करून, कडुनिंबाकडे पाहत, सव्वा तास बसून राहिला. मधून मधून कोरडा खोकला. सून प्रत्येक खोकल्यागणिक माझ्याकडे अशी पाही, की तहान मीच लावली आहे. मी एकदा जाऊन म्हणालो, "पाव्हणे, पाणी घ्या. देव रागावणार नाही."

"तुमी तुमचा नियम सोडा, मी माझा सोडतो."

एवढे नेमके उत्तर मला चाळीस वर्षांत एकाही शिक्षकाने दिले नव्हते. मी परत माझ्या खुर्चीवर येऊन बसलो.

आत नात भौतिकशास्त्राशी झगडत होती. प्रत्येक खोकल्याला पेन क्षणभर अडे आणि पुन्हा चाले. शेवटची पाच मिनिटे उरल्याचे मी सांगितले, तेव्हा ती अजून गणिते सोडवत होती. गोल भरायला तिने हात घातला तो शेवटच्या दोन मिनिटांत. पाच वाजले. मी म्हणालो, "पेन खाली."

"आजोबा, नऊच राहिलेत. उत्तरं काढलेत, पेपरावर खुणा केलेत, नुसते गोल भरायचे."

"पेन खाली."

आता विरोधी पक्ष एकमुखाने दारात उभा होता. "घरचीच परीक्षा हाय," सून म्हणाली. "एका मिनिटात भरते," मुलगा म्हणाला. मामा म्हणाला, "गुरुजी, मी सव्वा तास दिला, तुमी एक मिनिट द्या." मी उत्तरपत्रिका तिच्या हाताखालून काढून घेतली. ती कागद सोडत नव्हती, असे नाही. पण लगेच सोडलाही नाही.

मग मामा आत आला, वाकला, भाचीच्या दोन्ही पायांना हात लावून कपाळाला लावला आणि बाहेर जाऊन तांब्या एका दमात रिकामा केला. दुसराही केला. फोन कोठीतून निघाले. सोयाबीन होते तिथेच होते.

गुण मी मोजले. बरोबर उत्तराला चार, चुकल्यास एक वजा. पाचशे सत्तेचाळीस. राहिलेल्या नऊपैकी आठ उत्तरे बरोबर होती, हे मुलाने प्रश्नपत्रिकेवरून शोधून काढले. "म्हणजे पाचशे अठ्ठ्याहत्तर धरा की."

"कोण धरणार?" हे मी म्हणालो नाही. नात म्हणाली.

ती रडली असेल तर मोरीत तोंड धुताना रडली असेल. मी पाहिले नाही. बाहेर आली ती सरळ बोलली. "मी शेवटी गोल भरत बसते, ते चुकायलंय. आता पान उलटायच्या आधी त्या पानाचे भरीन. उद्या दोनला परत."

"हे कोणी शिकवलं?" सुनेने विचारले.

"कोणी न्हाई. नऊ गेले ना."

मामा हसून म्हणाला, "मग मी उद्याबी येऊ का, माय?"

"या. बाहेर बसून खोकायचं. केंद्राबाहेर पन्नास माणसं बोलत असतील, मला सवय पाहिजे." मग ती माझ्याकडे वळली. "अन् आजोबा, टेबलाचा मागचा पाय हलतो. गोल भरताना पेन घसरतं."

"केंद्रावरचा बाकही हलेल."

"हलू द्या," ती म्हणाली आणि पुस्तक घेऊन गेली.

मामा निघाला, सून स्वयंपाकाला लागली, मुलगा पुन्हा भाव पाहू लागला. उजेड असेतो मी शेजारून हातोडी मागून आणली, टेबल उलटे केले आणि मागच्या पायाला दोन खिळे ठोकले.