एकसारखे आयकॉन

मला वेडंवाकडं सहन होत नाही. हा दोष वडिलांकडून आला. ते फौजेत होते, आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या आमच्या क्वार्टरमध्ये चपलासुद्धा भिंतीला समांतर असायच्या. धाकट्या बहिणीच्या चपला कधीच सरळ नसत. मी त्या सरळ करायचे आणि वर तिलाच बोलायचे. पुढे मी गुरुग्रामच्या एका ऑफिसात स्क्रीन डिझाइनचं काम करू लागले, म्हणजे त्याच खोडीचा मला पगार मिळू लागला.

बहिणीचं लग्न मानेसरच्या एका पार्ट्सच्या कारखान्यातल्या सुपरवायझरशी झालं. कमी बोलणारा, निर्व्यसनी माणूस. आम्हाला सगळ्यांना पसंत होता, मलाही. महिन्यातून एका रविवारी ती लेकीला घेऊन माझ्या फ्लॅटवर यायची. अशाच एका रविवारी तिने माझा फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ताई, किती छान दिसतोय यार. माझाही असा करून दे ना."

मला तेवढंच हवं होतं. तिच्या फोनवर आधी एक लाँचर टाकलं. होम स्क्रीनचं रूप बदलायचं तर ते लागतं. मग त्यावर आयकॉन पॅक, म्हणजे ॲप्सच्या चित्रांचा तयार संच. चार-पाच पॅक लावून पाहिले. एक फारच भडक, एक नुसता रेषांचा, त्यात तिला कॅमेरा कुठला आणि गॅलरी कुठली तेच कळेना. शेवटी मातकट, फिक्या रंगांचा एक ठरला. आकारासाठी गोल, थेंब, चौकोन असे पर्याय होते. तिने गोलसर कडांचा चौकोन निवडला. "लाडवाच्या डब्यासारखा," म्हणाली. खूप दिवसांनी तिला हसताना बघत होते.

चहा करताना तिने हळूच सांगितलं की तिला आमच्या सेक्टरमधल्या एका प्लेस्कूलमध्ये मुलाखतीला बोलावलंय. येता सोडून पुढच्या मंगळवारी, म्हणजे नऊ दिवसांनी, सकाळी दहाला. नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. त्याला तिने बाहेर पडलेलं आवडत नसे.

"नोकरी लागली की सांगेन. आधी कळलं तर जाऊच देणार नाहीत. आणि त्यांना सगळं कळतं, ताई. परवा मी भाजीवाल्याकडून पुढे मैत्रिणीकडे गेले, तर संध्याकाळी विचारतात, मैत्रीण बरी आहे ना. शेजारीण सांगत असेल बहुतेक."

मी हं हं करत होते. माझं सगळं लक्ष स्क्रीनवर होतं. सगळे आयकॉन ओळीत बसले होते, एक सोडून. पॅकमध्ये हजारो ॲप्सची चित्रं असतात, पण जे ॲप पॅकला माहीतच नसतं त्याचं मूळचं चित्र तसंच राहतं. फार तर लाँचर त्याला पांढऱ्या चौकोनात बसवून आकारात आणतं. तसंच झालं होतं. पांढऱ्या तुकड्यावर एक करडं, फाटक्या कडांचं चक्र, खाली नाव, सिस्टम सर्व्हिस. सगळ्या ओळीची शोभा घालवत होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"फोनचंच काहीतरी. फोन आणला तेव्हा ह्यांनीच सगळं सेट करून दिलं होतं. म्हणाले, हे काढू नकोस, फोन बिघडेल."

दिवसभर स्क्रीनचंच काम करणाऱ्या बाईला इथे थांबायला हवं होतं. फोनचं स्वतःचं ॲप असं फाटक्या चित्राचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण मला ते काय आहे यापेक्षा ते कसं दिसतंय हेच खुपत होतं. मी त्यावर बोट दाबून धरलं, बदल करायचा पर्याय उघडला, पॅकमधून एक सुंदर मातकट ढग निवडला, नावही बदलून 'हवामान' केलं आणि ते घड्याळाशेजारी ठेवलं. आता सगळं एकसारखं झालं. माझंच मला कौतुक वाटलं.

त्या रात्री तिचा मेसेज आला. नवऱ्याने फोन पाहिला होता. 'हे म्हणाले, ताईंनी छान केलंय, काहीच वेगळं दिसत नाही.' मला त्याचाही आनंद झाला.

ठरल्या मंगळवारी लेकीला शाळेत सोडून ती निघाली. साडेदहाला मला तिचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. "ताई, मी घरी परत आलेय. हे प्लेस्कूलच्या गेटवर उभे होते." तो त्या वेळी ड्युटीवर, मानेसरला असायला हवा होता. तो ओरडला नव्हता. मोटरसायकलला टेकून उभा होता आणि म्हणाला, चल, घरी सोडतो. मुलाखतीचं तिने माझ्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नव्हतं, शेजारणीलासुद्धा.

पुढल्या रविवारी ती आली, पण एकटीच. "लेक खाली ह्यांच्याबरोबर गाडीवर आहे. वीस मिनिटं दिलीत." मी तिचा फोन घेतला आणि सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेशनची परवानगी कुठल्या ॲप्सना आहे ती यादी उघडली. आयकॉन पॅक फक्त होम स्क्रीनचं रूप बदलतो. सेटिंग्जच्या यादीत प्रत्येक ॲप आपल्या मूळ चेहऱ्याने बसलेलं असतं. 'कायम परवानगी' या मथळ्याखाली नकाशाच्या शेजारी ते होतं. करडं, फाटक्या कडांचं चक्र. सिस्टम सर्व्हिस. लोकेशन, माइक, मेसेज, सगळं त्याला उघडं होतं.

म्हणजे आमचं त्या रविवारचं बोलणंही कदाचित तिच्या नवऱ्याने त्यातून ऐकलं असेल, चहाच्या कपांच्या आवाजासकट. मी फोन दुसऱ्या खोलीत नेऊन उशीखाली ठेवला, दार लावलं आणि तिला कुजबुजत सगळं सांगितलं. मला रडू येत होतं, तिला नाही.

"काढून टाकते आत्ताच," मी म्हटलं.

"नको. काढलं की त्यांना कळेल." तिने घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं उरली होती. मग म्हणाली, "त्याचं जुनं चित्र परत लाव. मला ते दिसत राहायला हवं. तू ते इतकं छान केलंस ना ताई, की मी विसरूनच गेले होते तिथे काही आहे."

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी फोन आणला, ढगावर बोट दाबून धरलं आणि मूळचं चित्र, मूळचं नाव परत आणलं. पांढऱ्या तुकड्यावरचं ते कुरूप चक्र पहिल्या ओळीत बसलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच. ती फोन पर्समध्ये टाकून गेली. दाराशी तिने चपला नेहमीसारख्या वाकड्या काढल्या होत्या, त्या मी या वेळी सरळ केल्या नव्हत्या.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही फोनवर फक्त भाज्यांबद्दल बोललो. मग एका गुरुवारी दुपारी माझी बेल वाजली. ती दारात होती, लेक कडेवर, हातात कपड्यांनी भरलेली एक पिशवी. फोन तिने घरीच चार्जिंगला लावून ठेवला होता. त्या चक्राच्या हिशेबाने ती अजून स्वयंपाकघरात होती.

"ह्यांची शिफ्ट सहाला सुटते," ती म्हणाली आणि आत येऊन कडी लावली. मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते.