नऊ चौदा

जनकाबाईंच्या बोटांबद्दल मी विज्ञानाच्या पुस्तकात कुठेही वाचलं नव्हतं. टोमॅटोच्या रोपाच्या खोडावर त्या अंगठा आणि तर्जनी खालून वर अशी एकदा फिरवायच्या आणि सांगायच्या, हे रोप चांगलं की भेसळीचं. चांगल्या वाणाचं खोड त्यांच्या बोटाला खरखरीत लागायचं, भेसळीचं गुळगुळीत. मी कृषी पदविका केलेला माणूस. मी शंभर वेळा बोट फिरवलं, मला सगळी खोडं सारखीच लागली.

साखरखेर्ड्याच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, शेषराव या शेतकऱ्याची दोन शेडनेट, म्हणजे जाळीच्या शेड, आहेत. आत बियाण्यासाठी टोमॅटो. मादी झाडाच्या कळीतले नर भाग चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, आणि त्या फळाचं बी कंपनीला द्यायचं, हा सगळा धंदा. हे क्रॉसिंग सुरू होण्याआधी एकही परकं झाड नेटमध्ये राहता कामा नये. राहिलं तर सगळा प्लॉट रद्द. कंपनीच्या तपासणीत रद्द झालेल्या प्लॉटला कोणी विचारत नाही, आणि ज्या मुकादमबाईने रोपं तपासली तिला पुढच्या हंगामात कोणी बोलावत नाही. जनकाबाई चौदा हंगाम मुकादम होत्या. त्यांचा एकही प्लॉट रद्द झाला नव्हता.

मी कंपनीचा सुपरवायझर, मुक्काम बुलढाणा. तिथून एसटीने यायचं आणि टॅबवर कारभार बघायचा. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात हे मला शेषराव तोंडावर सांगायचे.

कागदाची वही नेटमधल्या ओलाव्याने फुगते म्हणून मीच जनकाबाईंच्या फोनवर टिपणांचं अॅप टाकून दिलं. एकच खातं, त्यांच्या फोनवर आणि माझ्या टॅबवर. त्यांनी तिकडे लिहिलं की मला इकडे दिसणार. वयाच्या चाळिशीत साक्षरता वर्गात अक्षर शिकलेली बाई, पण आठवड्यात तयार झाली. लिहायची पद्धत त्यांची स्वतःची होती. ओळ नऊ, रोप चौदा, म्हणजे 'नऊ चौदा'. बास. टिपणाचं नाव 'नेट दोन भेसळ'.

एकदाच त्यांनी मला विचारलं होतं, "भाऊ, मी खोडलं त याच्यातून खरंच जाते ना?"

"जातं की."

"कागदावर खोडलं त दिसत राह्यते. म्हून इचारलं."

मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी यादीत सात रोपं होती. दुपारी जनकाबाई पुन्हा नेटमध्ये शिरल्या. त्यांचा नियम होता, उपटायच्या आधी प्रत्येक झाड दुसऱ्यांदा बघायचं. त्या दिवशी त्यांनी दोन झाडं यादीतून खोडली, कारण ती चांगली निघाली, फक्त पाणी कमी मिळाल्याने खुरटली होती. आणि दोन नवी घातली. पण टेकडीच्या आडोशाला नेटमध्ये रेंज नसते. तो बदल त्यांच्या फोनमध्येच बसून राहिला.

इकडे बुलढाण्यात संध्याकाळी पावणेसातला मी टॅबवर तेच टिपण उघडलं. माझ्यासमोर अर्थातच जुनी यादी. तळाशी मी एक ओळ लिहिली, 'उद्या अकरा वाजता तपासणी', आणि चहा प्यायला गेलो.

रात्री घरी जनकाबाईंच्या फोनला रेंज मिळाली आणि तो आपला बदल वर पाठवायला गेला. तर तिथे आधीच माझी ओळ जाऊन बसलेली. एकाच जुन्या यादीवरून दोन वेगळ्या याद्या झाल्या होत्या. आमचं अॅप ओळीओळीने जुळवत नाही, सबंध टिपण एकच गठ्ठा मानतं. कोणता गठ्ठा खरा हे त्याला कसं कळावं? त्याने दोन्ही ठेवले आणि माणसाने ठरवावं म्हणून थांबलं.

तो माणूस मी निघालो. सकाळच्या एसटीत, एका हाताने दांडी धरून, टॅबवर पाटी बघितली: 'या टिपणाच्या दोन आवृत्त्या आहेत.' एक फोनवरची, दुपारी चार दहाची. एक टॅबवरची, संध्याकाळी सहा पंचेचाळीसची. खाली तीन पर्याय, फोनची ठेवा, टॅबची ठेवा, दोन्ही ठेवा. मी आत वाचलंसुद्धा नाही. जी नंतरची तीच ताजी, असा सरळ हिशेब केला आणि 'टॅबची ठेवा' दाबलं. पाटी गेली. मला फार कार्यक्षम वाटलं.

सव्वादहाला नेटवर पोचलो. तपासणीचे साहेब मेहकरहून निघाल्याचा फोन वाटेतच आला होता. जनकाबाई पलीकडच्या टोकाला ठिबकची नळी बघत होत्या. त्यांची वाट न बघता मी मयुरीला, त्यांच्या हाताखालच्या मुलीला, बोलावलं आणि टॅबवरून वाचायला लागलो.

"नऊ चौदा."

मयुरीने ओळ नऊमधलं चौदावं रोप मुळासकट उपटलं. कळ्या लागलेलं, गुडघाभर वाढलेलं.

"थांब वो पोरी!" जनकाबाई ओळींमधून जवळजवळ पळतच आल्या. उपटलेलं रोप हातात घेतलं, खोडावरून दोन बोटं फिरवली. मग पुन्हा फिरवली. "हे त चांगलं हाये. हे म्या काल खोडलं होतं यादीतून. काऊन उपटलं?"

"यादीत आहे मावशी," मी म्हणालो आणि टॅब दाखवला.

त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेला फोन सोडला. टिपण उघडलं. डोळ्यांजवळ धरून वाचलं. नऊ चौदा. तेवीस पाच. त्यांनी खोडलेली दोन्ही होती. बारा एकतीस आणि तीस आठ, ही त्यांनी घातलेली, कुठेच नव्हती. सकाळी गावातून निघतानाच फोनने माझी यादी उतरवून घेतली होती आणि त्यांची बाजूला सारली होती. हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं. एसटी, दांडी, ती पाटी, सगळं एकदम आठवलं.

"म्या खोडलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "म्या खोडलं होतं ना वो मयुरी? तू होती ना?"

"मी पहिल्या नेटमंधी होती मावशी."

जनकाबाई तिथेच ओळीच्या बांधावर बसल्या. रोप मांडीवर. "माह्या मायचं असंच चालू झालं होतं," त्या कोणाकडे न बघता म्हणाल्या. "भाकर खाल्ली तरी म्हणे खाल्ली नाही. आखरीले मले म्हणे, तू कोणाची वो बाई?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "भाऊ, यादीत हाये ते उपटा. माह्यावर नका राहू."

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. शेषराव नेटच्या दाराशी उभे होते, साहेब रस्त्यात होते, आणि मला माझी नोकरी दिसत होती. चांगला मिनिटभर मी गप्प राहिलो. त्या मिनिटाची मला आजही लाज वाटते. मयुरी ओळ तेवीसकडे निघाली तेव्हा मी ओरडलो, "कशालाच हात लावू नको!"

नेटबाहेर पाण्याची सिमेंटची टाकी आहे. तिच्यावर चढलं तर दोन कांड्या रेंज येते. मी बुटासकट चढलो. टिपणाच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'जुन्या आवृत्त्या' असं असतं हे मला माहीत होतं, पण कधी लागलं नव्हतं. दाबलं. गोल फिरायला लागलं. दहा पस्तीस. फिरतंच आहे. मी त्या टाकीवर गजानन महाराजांना काय काय कबूल केलं ते सांगत नाही. खाली शेषराव म्हणत होते, "काय बे, मोराले पाहून राह्यला काय तिथून?"

दहा एकेचाळीसला आवृत्त्यांची यादी उघडली. वरून तिसरी: 'जनकाबाई फोन, काल, चार दहा.' उघडली. नऊ चौदा नव्हतं. तेवीस पाच नव्हतं. बारा एकतीस होतं. तीस आठ होतं.

मी ती आवृत्ती परत आणली. माझी तपासणीची ओळ तिच्या तळाशी हाताने पुन्हा लिहिली. वर गेल्याची खूण उमटेपर्यंत हललो नाही. मग खाली उतरलो, जनकाबाईंचा फोन मागून घेतला, तो घेऊन पुन्हा वर चढलो आणि तिथेही टिपण ताजं करून आणलं.

"मावशी, वाचा."

त्यांनी वाचलं. ओठ हलत होते.

"हे माह्यंच हाये."

"तुमचंच. काल दुपारचं. सकाळी एसटीत दोन याद्या समोर आल्या होत्या. मी न वाचता माझी ठेवली, तुमची काढली. तुम्ही काही विसरला नाहीत. चूक माझी आहे."

शेषरावांनी ऐकलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते फक्त म्हणाले, "वेळ पाह्य आधी."

दहा पन्नास. जनकाबाई उठल्या. पण नुसती यादी वाचून त्यांनी एकही झाड उपटू दिलं नाही. प्रत्येक झाडापाशी वाकून दोन बोटं फिरवली, मगच मयुरीला मान हलवली. बारा एकतीस. तीस आठ. उरलेली पाच. नऊ चौदाची जागा रिकामीच राहिली, तिथे काही करता येण्यासारखं नव्हतं.

साहेब अकरा वीसला आले. पाऊण तास ओळीओळीने फिरले. मी त्यांच्या मागे, टॅब काखेत धरून. ओळ तेवीसमध्ये खुरटलेल्या पाचव्या रोपाशी ते थांबले. "हे वेगळं दिसतंय."

जनकाबाई पुढे झाल्या. "पाणी कमी भेटलं त्याले. हात लावून पाहा साहेब." साहेबांनी भिंग काढलं, पान बघितलं, खोड बघितलं. मग रकान्यात खूण केली आणि पुढे गेले. शेवटी सही करून म्हणाले, "चालू करा क्रॉसिंग."

बाया टाळ्या वाजवून हसल्या. जनकाबाई हसल्या नाहीत. डबा सोडायची वेळ झाली तरी त्या नऊ नंबरच्या ओळीत त्या रिकाम्या जागेशी उभ्या होत्या. मी जवळ गेलो.

"भाऊ, एक इचारू? खरं सांगा."

"विचारा."

"मघाशी मी इथं बसली होती, तवा तुमाले माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्यांना ते कधी कळलंही नसतं. "हो," मी म्हणालो. "माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. फोन माझ्या हातात दिला.

"मंग लिहा याच्यात. नऊ चौदा चांगलं होतं. जनका इसरली नव्हती."

मी लिहिलं.

"आता तुमच्या त्याच्यातबी लिहा," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडं."