मागे जायचं बटण

माझ्या हातून झालेला मूर्खपणा आधीच सांगून टाकते. आमच्या संगणकाला मागे जायची एकच वाट होती, आणि ती मी पाहुणे येणार म्हणून झाडून काढली. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची तरुण होते. हात नुसते शिवशिवायचे.

आमचे हे रेल्वेत ड्रायव्हर होते, नागभीडच्या छोट्या लाइनवर. निवृत्त झाले, मग ती लाइनही उखडली. नातीनं त्यांना संगणकावर गाडी चालवायचा गेम लावून दिला. त्यात आपला मार्ग आपल्याला बांधता येतो. यांनी वर्षभर खपून ती जुनी लाइन बांधली. स्टेशनं, फाटकं, धानाच्या बांध्या, वळणावरचं मोहाचं झाडसुद्धा. ती पाहायला यांचे जुने गार्ड रविवारी येणार होते. सोमवारी ते मुलाकडे बंगळूरला कायमचे निघणार. रविवार हुकला की हुकलाच.

त्याच आठवड्यात विंडोजचं मोठं अपडेट आलं. संगणक दोनतीनदा बंद-चालू झाला, सगळं नवं नवं दिसू लागलं, आणि गेम उघडला की पडदा काळा, मग खेळच बंद.

"थांबायचं," हे म्हणाले. "गेमवाल्यांनी लिहून ठेवलं आहे, दुरुस्तीचा पॅच काढून राह्यले. सिग्नल लाल असला तं गाडी उभीच ठेवा लागते."

"रविवारी देतात का पॅच?"

"तारीख नाई लिहिली."

नागपूरहून नात फोनवर म्हणाली, "आजी, सरळ जुन्या विंडोजवर मागे जा. सेटिंगमध्ये रिकव्हरी, तिथं मागे जायचं बटण. अपडेटनंतर दहा दिवसच असतं ते, आज चौथा. फाइली राहतात, तरी आबांची लाइन पेन ड्राइव्हवर घे. मी शनिवारी फोनवर सोबत बसते. तोवर कशाला हात लावू नको."

लाइन मी पेन ड्राइव्हवर घेतली. इथवर शहाणी होते.

शुक्रवारी घर झाडलं, जाळी काढली, भांडी घासली. मग म्हटलं, संगणकही आवरून ठेवावा. डिस्क भरत आली होती. तात्पुरत्या फाइलींच्या यादीत एक भलामोठा ढीग दिसला, 'विंडोजची आधीची प्रत'. शेजारी चौकोन. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे काढलं तर परत मागे जाता येणार नाही. मी वाचलं बरं का, चष्मा लावून वाचलं! मनात म्हटलं, नवं आल्यावर जुनं कशाला साठवायचं? आणि काढून टाकलं. वर ह्यांना बोलावून रिकामी जागा दाखवली.

शनिवारी नातीनं रिकव्हरी उघडायला लावली. बटण फिकं. दाबलं जाईना.

"आजी, तू काही साफ केलंस?"

"थोडी जागा रिकामी केली," मी चष्मा पुसत म्हटलं.

"हिनं माझी रेल्वेतली शिट्टीही अशीच भंगारात देली होती," हे मागून म्हणाले. "काऊन व, तुले घरात जुनं पाहावतच नाई का?"

त्यांचा आवाज मात्र चेष्टेचा नव्हता. जाऊन खुर्चीत बसले. तेव्हा मला कळलं मी काय झाडलं ते.

उरले दोन रस्ते. एक पॅचचा, त्याला तारीख नव्हती. दुसरा म्हणून नातीनं ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारं ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, बघायला लावला, तर अपडेटनं आधीचा काढून त्याहून जुना बसवला होता. मला इतकं बरं वाटलं! मी जुनं फेकलं, तर विंडोजनं जुनं आणून ठेवलं.

"आता मी सांगेन तेवढंच," नात म्हणाली. आधी, काही बिघडलंच तर इथवर परत येता यावं म्हणून, रिस्टोअर पॉइंट केला. मग कार्ड बनवणाऱ्यांच्याच साइटवर जाऊन कार्डाचं नाव अक्षर अन् अक्षर जुळवलं, ड्रायव्हर उतरवला, बसवला, संगणक बंद करून चालू केला. मधे पडदा क्षणभर काळा झाला तेव्हा हे उठून उभे राहिले.

गेम उघडला. फक्त सावल्या लावल्या की अडखळत होता, म्हणून त्या बंद ठेवल्या. पॅच पुढे तीन आठवड्यांनी आला, तेव्हा सावल्याही आल्या.

रविवारी गार्डभाऊ आले. जयभीम, पाणी, चहा झाला. ह्यांनी गाडी सोडली. गार्डभाऊ पडद्याकडे वाकून बसले होते.

"मोहाले सावली नाई काऊन?"

"दुपारचे बारा वाजले समज," हे म्हणाले.

गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली. गाडी थांबल्यावर गार्डभाऊंनी डोळे पुसले. मग ह्यांनी त्यांना माझ्या साफसफाईची सगळी कथा सांगितली, तिखटमीठ लावून. गार्डभाऊ पोट धरून हसले. दारात चपला घालताना वळले आणि मला म्हणाले:

"वयनी, मी तं उद्या चाललो. आता या घरात जुनं म्हणून हा एकटाच राह्यला, याले तेवढं साफ करू नका."